एकाच पाण्याच्या तीन मुशी: सिल्व्हर क्लोराइडच्या वजनातील तफावतीचा मागोवा

वाळवा तालुक्यातील एका क्षारपड शेतात जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचऱ्याची व्यवस्था केलेली होती, आणि त्या पाइपातून चरात पडणाऱ्या पाण्यात क्लोराइड नेमके किती आहे हे शेतमालकाला हवे होते. नमुना सांगलीतील एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात आला तेव्हा पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी आधी नेहमीची मोहर पद्धत वापरली, म्हणजे पोटॅशियम क्रोमेट दर्शक घेऊन सिल्व्हर नायट्रेटने अनुमापन केले. पाणी मुळातच किंचित पिवळसर असल्यामुळे क्रोमेटचा पिवळा रंग कोठे संपतो आणि विटकरी छटा कोठे सुरू होते यावर दोघांचे एकमत होईना. एकाचे उत्तर लिटरला १२२५ मिलिग्रॅम आले, तर दुसऱ्याचे १२७०. रंगावर अवलंबून नसलेली पद्धत हवी म्हणून भारात्मक विश्लेषणाचा मार्ग घेतला गेला. त्यात पाण्यातील सर्व क्लोराइड सिल्व्हर क्लोराइडच्या रूपात खाली बसवायचे, गाळायचे, धुवायचे, वाळवायचे आणि त्याचे वजन करायचे असते.

तीन विद्यार्थ्यांनी त्याच बाटलीतील पाण्याचे प्रत्येकी १०० मिलिलिटर घेऊन स्वतंत्रपणे काम केले. तिघांनीही मुशी स्थिर वस्तुमानापर्यंत वाळवल्या. शेवटची वजने मात्र अशी आली: ‘अ’ मुशीत ०.५०१६ ग्रॅम, ‘ब’ मुशीत ०.४९२१ ग्रॅम आणि ‘क’ मुशीत ०.५०६३ ग्रॅम. सिल्व्हर क्लोराइडच्या १४३.३२ भागांत क्लोरीनचे ३५.४५ भाग असतात, त्यामुळे वजनाला ०.२४७४ ने गुणले की क्लोराइड मिळते. त्या हिशेबाने लिटरला अनुक्रमे १२४१, १२१७ आणि १२५२ मिलिग्रॅम अशी उत्तरे येतात. अनुमापनातील गोंधळापेक्षा ही तफावत कमी आहे, पण ज्या पद्धतीत काळजीपूर्वक काम केले तर पाचशे मिलिग्रॅमच्या अवक्षेपात अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास एकमत व्हायला हवे, तिथे चौदा मिलिग्रॅमचे अंतर पडणे हा अपघात मानता येत नाही. सरासरी काढून मोकळे होण्याचा मोह तिघांनाही झाला. तो आवरून आधी कोणत्या मुशीत काय घडले ते शोधायचे ठरले, आणि या लेखाचा विषय तो शोध हाच आहे.

तिघांनी समान केलेले काम

नमुना काळ्या मातीतून आलेला असल्यामुळे त्यात तरंगती चिकणमाती होती. ती तशीच राहिली तर अवक्षेपाबरोबर मुशीत येऊन वजन वाढवते, म्हणून सगळे पाणी आधी बारीक गाळणकागदातून गाळून घेतले होते. प्रत्येक बीकरमध्ये १०० मिलिलिटर पाणी पिपेटने घेऊन त्यात क्लोराइडमुक्त संहत नायट्रिक आम्ल सुमारे १ मिलिलिटर घातले. हे आम्ल आवश्यकच असते, कारण निचऱ्याच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते आणि थोडे फॉस्फेटही असू शकते. आम्ल नसेल तर सिल्व्हरचे कार्बोनेट आणि फॉस्फेट हेही क्लोराइडच्या जोडीने खाली बसतात आणि वजन उगाच फुगते. आम्ल घातल्यावर बुडबुडे आले ते त्याच बायकार्बोनेटचे होते. अशा वेळी बीकरवर वॉच ग्लास झाकून ठेवावी आणि उडालेले शिंतोडे धुऊन पुन्हा बीकरमध्येच घ्यावेत, नाहीतर नमुन्याचा काही अंश पहिल्याच पायरीवर जातो.

त्यानंतर ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने, सतत ढवळत, थंड द्रावणात घातले. येथे ‘थंड’ या अटीमागे कारण आहे. आम्लयुक्त क्लोराइडचे द्रावण सिल्व्हर घालण्याआधीच तापवले तर थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल वाफेबरोबर निघून जाण्याची शक्यता असते. सर्व क्लोराइड एकदा सिल्व्हरला बांधले गेले की मग तापवण्यात धोका राहत नाही. अनुमापनावरून अंदाज होता की सुमारे ३५ मिलिलिटर सिल्व्हर नायट्रेट पुरेल. प्रत्यक्षात ३८ मिलिलिटर घातले. एवढे आधिक्य अवक्षेपण पूर्ण करण्यासाठी पुरेसे असते. आधिक्य खूप वाढवले तर सिल्व्हर नायट्रेट स्वतःच अवक्षेपाच्या कणांत अडकून बसू लागते आणि नुसत्या धुण्याने ते निघत नाही.

सुरुवातीला द्रावण दुधासारखे पांढरे झाले. मग ते ढवळत जवळजवळ उकळीपर्यंत तापवले, तसे बारीक कण एकत्र येऊन फुटलेल्या दह्यासारखे गोळे तळाशी बसू लागले आणि वरचा द्रव निवळला. निवळलेल्या द्रवात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून नवा पांढरेपणा येत नाही याची खात्री केली. येथपर्यंत तिघांच्या नोंदवह्यांत काहीही फरक नाही. यापुढे बीकर तासाभराहून अधिक काळ अंधारात ठेवून पूर्ण थंड होऊ द्यायचे आणि मग गाळायचे, असे लेखी सूचनांमध्ये होते. फरक पडला तो या टप्प्यापासून पुढे.

गाळण्यासाठी सच्छिद्र काचतळ असलेल्या जी-४ दर्जाच्या मुशी वापरल्या. त्या आधीच गरम नायट्रिक आम्लाने आणि पाण्याने स्वच्छ करून, अवक्षेप ज्या तापमानाला वाळवायचा त्याच १३० अंश सेल्सिअसला स्थिर वस्तुमानापर्यंत वाळवून तोललेल्या होत्या. गाळणकागद वापरता आला नसता असे नाही. पण कागद जाळताना त्यातील कार्बन सिल्व्हर क्लोराइडचे धातुरूप सिल्व्हरमध्ये क्षपण करतो, आणि मग ते नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पूर्ववत करण्याचा वेगळाच उपद्व्याप मागे लागतो. काचेची मूस हाताशी असताना त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

‘ब’ मुशीतील तूट

‘अ’च्या तुलनेत ‘ब’ मुशीत ९.५ मिलिग्रॅम अवक्षेप कमी होता. वाळवताना झालेली वजने ०.४९३०, ०.४९२२ आणि ०.४९२१ ग्रॅम अशी होती, म्हणजे वाळवण व्यवस्थित झाले होते. तूट पहिल्याच वजनात दिसत असल्यामुळे माल ओव्हनमध्ये जाण्याआधीच कमी झाला होता, हे स्पष्ट होते.

विद्यार्थ्याने लगेच जे कारण सुचवले ते विद्राव्यतेचे होते: धुताना अवक्षेप थोडा विरघळला असेल. हे ऐकायला पटते, म्हणूनच ते आकड्यांवर घासून पाहिले पाहिजे. २५ अंशांना एक लिटर शुद्ध पाण्यात सिल्व्हर क्लोराइड सुमारे १.९ मिलिग्रॅम विरघळते. धुण्यासाठी एकूण १५० मिलिलिटर पाणी वापरले होते. ते पूर्ण संपृक्त होऊन बाहेर पडले असे मानले तरी ०.३ मिलिग्रॅमहून जास्त अवक्षेप जाऊ शकत नाही. एप्रिलमधल्या सांगलीत प्रयोगशाळेतले पाणी २५ अंशांवर नसते हे खरे, पण त्यासाठी हा आकडा दुप्पट धरला तरी ०.६ मिलिग्रॅमच होतो. आणि मूळ द्रवात तर सिल्व्हरचे आधिक्य असल्यामुळे सामाईक आयनाच्या परिणामाने विद्राव्यता इतकी खाली येते, की तिथला नाश वजनकाट्याला दिसतही नाही. साडेनऊ मिलिग्रॅमचा हिशेब विद्राव्यतेने लागण्यासाठी पाणी उकळते असायला हवे होते, आणि तेही बरेच जास्त: १०० अंशांना विद्राव्यता लिटरला सुमारे २१ मिलिग्रॅम असते, त्यामुळे १५० मिलिलिटर उकळत्या पाण्यानेसुद्धा तीन मिलिग्रॅमच्या आसपासच अवक्षेप जाईल. विद्राव्यतेचे कारण त्यामुळे बाद झाले. (गरम पाण्याने धुऊ नये ही सूचना मात्र याच आकड्यातून येते, तीन मिलिग्रॅम ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे.)

खरे कारण नोंदवहीत एका ओळीत लिहिलेले होते: ‘ऊर्ध्वपातित पाण्याने धुतले.’ सूचनांमध्ये ०.०१ मोलर नायट्रिक आम्लाने, म्हणजे लिटरभर पाण्यात जेमतेम ०.६ ते ०.७ मिलिलिटर संहत आम्ल घालून केलेल्या पातळ द्रावणाने धुवावे असे होते. शेजारच्या वॉश बॉटलमध्ये शुद्ध पाणी होते, आणि शुद्ध पाण्याने धुतलेला पदार्थ अधिक शुद्ध होणार, या स्वाभाविक समजुतीने विद्यार्थ्याने ती उचलली.

सिल्व्हर क्लोराइडच्या बाबतीत ही समजूत उलटी पडते. अवक्षेपाचे जे गोळे दिसतात ते अतिशय सूक्ष्म कणांचे सैल पुंजके असतात. द्रावणात सिल्व्हरचे आधिक्य असल्यामुळे प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर सिल्व्हर आयनांचा थर चिकटतो आणि कण धनभारित होतो. त्याच्या भोवती नायट्रेट आयनांचा विरुद्ध भाराचा थर असतो. द्रावणात आयनांची संख्या पुरेशी असते तोवर हा बाहेरचा थर कणाला लगटून राहतो, कणांमधील परस्पर-प्रतिसारण झाकले जाते आणि ते एकमेकांना चिकटून राहू शकतात. शुद्ध पाणी ओतत गेले की आसपासचे आयन वाहून जातात, बाहेरचा थर विरळ होऊन दूरवर पसरतो, धनभारित कण एकमेकांना ढकलू लागतात आणि पुंजके सुटून पुन्हा कलिल तयार होते. हे कण जी-४ च्या छिद्रांपेक्षा कितीतरी लहान असतात. ते विरघळलेले नसतात, तरीही गाळणीतून निघून जातात. नायट्रिक आम्ल धुण्याच्या पाण्यात आयन पुरवून हे सुटणे रोखते, आणि स्वतः बाष्पनशील असल्यामुळे वाळवताना मागे काहीही ठेवत नाही. सोडियम नायट्रेटसारखे क्षार पहिले काम तितकेच चांगले करतील, पण ते अवक्षेपात राहून वजनात मोजले जातील.

याची खूण धुतानाच दिसते. ‘ब’च्या नोंदीत ‘तिसऱ्या-चौथ्या धुण्यापासून खालचे पाणी दुधाळ’ असे शब्द होते. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण दुधाळपणाला दुसरेही एक निरुपद्रवी कारण असते. सक्शनचा फ्लास्क नळाच्या पाण्याने धुतलेला असेल तर त्यातील क्लोराइडला गाळून आलेले सिल्व्हर भेटते आणि फ्लास्कमध्येच पांढरेपणा येतो. त्याचा मुशीतील अवक्षेपाशी संबंध नसतो. दोहोंतला भेद क्रमावरून कळतो. फ्लास्क अस्वच्छ असता तर सिल्व्हरने भरलेला पहिला द्रव येताच गढूळपणा दिसला असता. येथे पहिला द्रव स्वच्छ होता आणि सिल्व्हर जवळजवळ संपत आल्यावर, नंतरच्या धुण्यात पांढरेपणा आला. हा क्रम सुटलेल्या कलिलाचाच असतो.

सुदैवाने तो दुधाळ द्रव फेकलेला नव्हता. गाळून आलेला सगळा द्रव अवक्षेपाचे वजन पक्के होईपर्यंत ठेवून द्यावा, अशी शिस्त या विभागात आहे. त्या द्रवात थोडे नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटचे काही थेंब घालून तो तापवला, अंधारात ठेवला, आणि खाली बसलेला अवक्षेप दुसऱ्या मुशीत गाळून या वेळी पातळ आम्लाने धुतला. वाळल्यावर त्याचे वजन ०.००९१ ग्रॅम भरले. दोन्ही मिळून ०.५०१२ ग्रॅम होतात. म्हणजे हरवलेले साडेनऊ मिलिग्रॅम जवळजवळ सगळे फ्लास्कमध्येच होते, आणि निदानाला याहून थेट पुरावा मिळणे कठीण आहे.

‘क’ मुशीतील वाढ

वजन कमी आले की माणूस गळती शोधतो. वजन जास्त आले की पहिला संशय ओलाव्यावर जातो. ‘क’ची वजने पहिल्या वाळवणीनंतर ०.५०८२, दुसरीनंतर ०.५०६५ आणि तिसरीनंतर ०.५०६३ ग्रॅम अशी होती. शेवटच्या दोन वजनांतील फरक ०.२ मिलिग्रॅम आहे. स्थिर वस्तुमानाची कसोटी, म्हणजे लागोपाठच्या दोन वजनांत ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक नसणे, ‘क’ मुशीनेही पार केली होती. ओलावा १३० अंशांना इतका हट्टाने टिकत नाही. सिल्व्हर क्लोराइड या तापमानाला वाळवल्यावर त्यात पाण्याचा जो शेवटचा अंश उरतो, तो एका टक्क्याचा शंभरावा भागसुद्धा क्वचितच असतो आणि तो घालवायला अवक्षेप वितळवावा लागतो. नेहमीच्या कामात त्याकडे कोणी पाहत नाही.

स्थिर वस्तुमान काय सांगते आणि काय सांगत नाही, हे याच ठिकाणी नीट समजून घेण्यासारखे आहे. ते एवढेच सांगते, की या तापमानाला उडून जाण्यासारखे आता मुशीत काही राहिलेले नाही. जे राहिले आहे ते फक्त सिल्व्हर क्लोराइडच आहे, याची हमी ते देत नाही. उदाहरणार्थ, अपुऱ्या धुण्यामुळे राहिलेले सिल्व्हर नायट्रेट २१२ अंशांपर्यंत वितळतही नाही. ते मुशीत असेल तर कितीही तास वाळवले तरी वजन चुकीच्याच जागी स्थिर होईल. म्हणून दुसरा संशय धुण्यावर गेला. पण ‘क’च्या विद्यार्थ्याने पातळ आम्लाने धुतले होते, आणि शेवटच्या धुण्यातून खाली आलेले काही मिलिलिटर परीक्षानळीत घेऊन त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर पांढरेपणा आला नव्हता. ही कसोटी सिल्व्हरचा लहानसा अंशही दाखवते. त्यामुळे सुटे सिल्व्हर नायट्रेट हे कारणही बाजूला पडले. चिकणमाती, ब्रोमाइड, फॉस्फेट यांपैकी काही असते तर ते तिन्ही बीकरमध्ये सारखेच असते. तीन भागांपैकी एकच वेगळा पडतो तेव्हा दोष नमुन्यात नसून हाताळणीत शोधावा लागतो.

मुशीकडे नुसते नीट पाहिले असते तरी उत्तर जवळ होते. ‘अ’ आणि ‘ब’चा अवक्षेप पांढरा, फार तर वरच्या कडेला अगदी फिकट जांभळट होता. ‘क’चा अवक्षेप सगळीकडून राखाडी-जांभळा होता. विचारल्यावर कळले, की बीकर कपाटात न ठेवता जेवणाच्या सुट्टीत पश्चिमेच्या खिडकीजवळच्या टेबलावर राहिला होता, आणि परत आल्यावर वरचा थर रंगलेला पाहून तो ढवळून खाली घातला गेला. त्यामुळे नवा पांढरा अवक्षेप पुन्हा उन्हात आला. एप्रिलमधील दुपारचे ऊन खिडकीच्या काचेतून आले तरी सिल्व्हर क्लोराइडला पुरून उरते.

उजेडात सिल्व्हर क्लोराइडचे विघटन होऊन धातुरूप सिल्व्हर आणि क्लोरीन तयार होतो, हे सर्वांना माहीत असते, आणि त्यावरून विद्यार्थ्यांनी असा आक्षेप घेतला की क्लोरीन निघून गेल्यास वजन घटायला हवे, वाढणार कसे? आक्षेप योग्य होता. कोरड्या किंवा धुतलेल्या अवक्षेपाच्या बाबतीत नेमके तसेच घडते. पण ‘क’चा अवक्षेप उन्हात होता तेव्हा तो अजून सिल्व्हर नायट्रेटच्या आधिक्याखाली बुडालेला होता. निघालेला क्लोरीन हवेत जाण्याआधी पाण्याशी आणि द्रावणातील सिल्व्हर आयनांशी क्रिया करतो:

6 AgCl → 6 Ag + 3 Cl₂

3 Cl₂ + 3 H₂O + 5 Ag⁺ → 5 AgCl + ClO₃⁻ + 6 H⁺

म्हणजे सहा क्लोरीन अणूंपैकी पाच पुन्हा सिल्व्हर क्लोराइड होऊन खाली येतात, त्यासाठी लागणारे सिल्व्हर मात्र ते द्रावणातून नवे घेतात. आधीचे सहा सिल्व्हर अणू धातुरूपात अवक्षेपातच पडून राहतात. द्रावणातले सिल्व्हर असे घनरूपात येत गेल्यामुळे वजन वाढते. हिशेब केला तर विघटन झालेल्या प्रत्येक ८६० मिलिग्रॅममागे ५०४ मिलिग्रॅमची निव्वळ भर पडते. ‘क’ मुशीत ‘अ’पेक्षा ४.७ मिलिग्रॅम जास्त आहेत, तेव्हा सुमारे ८ मिलिग्रॅम अवक्षेपाचे विघटन झाले असावे. म्हणजे एकूण अवक्षेपाच्या दीड टक्क्याहून थोडे अधिक. तेवढ्यात सहा मिलिग्रॅम धातुरूप सिल्व्हर तयार होते, आणि इतक्या बारीक विभागलेल्या सिल्व्हरने सगळा अवक्षेप राखाडी दिसावा यात नवल नाही. हेच आठ मिलिग्रॅम धुऊन झाल्यावर मुशीत विघटित झाले असते तर फक्त क्लोरीन गेला असता आणि वजन २ मिलिग्रॅमने घटले असते. ऊन तेच, पदार्थ तोच. पण गाळण्याआधी आणि गाळल्यानंतर त्याने होणाऱ्या चुकीची दिशा बदलते. ‘उजेडाने वजन कमी येते’ एवढेच पाठ केलेल्या माणसाला ‘क’ मुशीचा उलगडा होत नाही, तो यामुळे.

खात्रीसाठी ‘क’ मुशीतून पातळ अमोनिया ओढला. सिल्व्हर क्लोराइड अमोनियात विरघळून गेले आणि काचतळावर काळपट पातळ थर उरला. तो कोमट पातळ नायट्रिक आम्लात विरघळला आणि त्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच पांढरेपणा आला, म्हणजे तो थर सिल्व्हरचाच होता. ‘अ’ मुशीवर हीच क्रिया केली असता काचतळ स्वच्छ पांढरा निघाला. अमोनियातील सिल्व्हरचे हे द्रावण बाटलीत भरून ठेवू नये. साठवल्यास त्यात स्फोटक साका तयार होऊ शकतो. ते त्याच वेळी नायट्रिक आम्लाने आम्लयुक्त करावे. त्यातून पुन्हा खाली बसलेले सिल्व्हर क्लोराइड सिल्व्हर परत मिळवण्याच्या बरणीत टाकता येते.

‘क’ची मोजणी दुरुस्त करता आली असती का, हा प्रश्नही निघाला. गाळणकागदाच्या बाबतीत जो उपाय करतात, म्हणजे धातुरूप सिल्व्हर नायट्रिक आम्लात विरघळवून हायड्रोक्लोरिक आम्लाने पुन्हा क्लोराइड करणे, तो येथे केला असता तर वजन आणखी वाढले असते, कारण सहा अणूंना नवा क्लोरीन मिळाला असता आणि द्रावणातून आलेले पाच सिल्व्हर क्लोराइड वर राहिलेच असते. कागदाच्या बाबतीत सिल्व्हर बाहेरून आलेले नसते, म्हणून तिथे तो उपाय चालतो. ‘क’ मोजणी रद्द करण्यावाचून मार्ग नव्हता.

वाळवणे आणि तोलणे

‘अ’ मुशीची वजने ०.५०३१, ०.५०१८ आणि ०.५०१६ ग्रॅम अशी उतरली होती. पहिल्या आणि दुसऱ्या वजनात १.३ मिलिग्रॅमचा फरक आहे, यावरून एक तास वाळवून थांबणे किती महागात पडले असते ते दिसते. सैल पुंजक्यांच्या पोटात अडकलेले पाणी हळूहळू निघते. पहिल्या तासाआधी ओव्हनचे तापमान १०० अंशांच्या थोडे खाली ठेवून मग वाढवले होते, कारण ओला अवक्षेप एकदम तापला तर वाफेने तडतडून कण मुशीबाहेर उडू शकतात.

प्रत्येक वाळवणीनंतर मूस डेसिकेटरमध्ये सारखाच वेळ, अर्धा तास, थंड केली. कोमट मूस काट्यावर ठेवली तर भोवतीची हवा वर चढते आणि वजन कमी भासते; ते स्थिर वस्तुमान समजून घेतले जाण्याचा धोका असतो. पावसाळ्यात याउलट सिलिका जेल गुलाबी झालेली असूनही कोणी बदलत नाही आणि मूस डेसिकेटरमध्येच ओलावा घेते. रिकामी मूस आणि भरलेली मूस एकाच तऱ्हेने थंड करून तोलली की या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात, हे खरे. पण रिकाम्या मुशीचे वजन मागच्या आठवड्यातील घेतले असेल, तर ते खोडणे घडत नाही. ऊस गाळपाच्या हंगामात उघड्या खिडकीतून येणारी काजळी हाही या भागातला एक किरकोळ पण खरा त्रास आहे. मुशींवर वॉच ग्लास ठेवून तो टळतो.

फेरतपासणी आणि दिलेले उत्तर

पद्धतच कोठे एका बाजूला झुकते का, हे पाहण्यासाठी वाळवलेल्या शुद्ध सोडियम क्लोराइडचे ०.२०५० ग्रॅम घेऊन सगळी कृती केली. त्यातून ०.५०२७ ग्रॅम सिल्व्हर क्लोराइड मिळायला हवे, मिळाले ०.५०२४ ग्रॅम. तीन दशांश मिलिग्रॅमची ही तूट धुण्यातील विद्राव्यतेच्या अंदाजाशी जुळते. सिल्व्हरचे आधिक्य, गार केलेले पातळ आम्ल आणि धुण्याचे पाणी थोड्या थोड्या भागांत घेणे, एवढे पाळल्यावर जो नाश उरतो तो असा आणि इतकाच असतो. अवक्षेप शक्य तेवढा बीकरमध्येच ठेवून आधी वरचा द्रव ओतून घ्यावा आणि बीकरमध्येच दोन-तीनदा धुवावे; बीकरच्या भिंतीला चिकटलेले कण रबरी टोकाच्या काचकांडीने सोडवून घ्यावेत. नुसत्या डोळ्यांनी स्वच्छ दिसणाऱ्या बीकरमध्ये मिलिग्रॅमभर अवक्षेप सहज राहतो, आणि तो दिसतो बीकर काळ्या कागदावर तिरपा धरल्यावर.

नमुन्याचा आणखी एक १०० मिलिलिटरचा भाग घेऊन, बीकर काळ्या कागदात गुंडाळून आणि पातळ नायट्रिक आम्लाने धुऊन मोजणी पुन्हा केली, अवक्षेप ०.५०१३ ग्रॅम आला. ‘अ’ आणि ही फेरमोजणी यांच्या सरासरीवरून लिटरला १२४० मिलिग्रॅम क्लोराइड असे उत्तर दिले. ‘ब’ची दोन मुशींतून जोडलेली ०.५०१२ ग्रॅमची बेरीज या उत्तराशी जुळते, तरी ती सरासरीत घेतली नाही. दोनदा हाताळलेला अवक्षेप निदानासाठी पुरावा म्हणून चालतो, मोजणी म्हणून त्याला एकसंध मोजणीइतके वजन देणे बरोबर नाही.

अहवालात उत्तराखाली एक वाक्य जोडले: नमुन्यात ब्रोमाइड असल्यास ते या आकड्यात क्लोराइड म्हणून धरले गेले आहे. सिल्व्हर ब्रोमाइड त्याच आम्लात, त्याच वेळी खाली बसते आणि १३० अंशांना तसेच टिकते, त्यामुळे धुणे किंवा वाळवणे यांतील कोणतीही काळजी त्याला वेगळे काढू शकत नाही. एक मिलिग्रॅम ब्रोमाइड मुशीत २.३५ मिलिग्रॅम सिल्व्हर ब्रोमाइड होऊन बसते, आणि आपल्या गुणकाने ते ०.५८ मिलिग्रॅम क्लोराइड म्हणून मोजले जाते. निव्वळ क्लोराइड जाणून घ्यायचे असेल तर ब्रोमाइडची स्वतंत्र मोजणी करून त्याच्या ०.५८ पट एवढे आकड्यातून वजा करावे लागेल.